नेमकं कोणत्या दारानं

सरफराजच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात आलापल्लीच्या बाजारात एक चक्कर मारून येता यायचं. पण फरहत खुर्ची सोडायला तयार नव्हती. दोन जण मागे नंबर लावून उभे होते, आणि जागा गेली की गेली. एसटीडी, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि इंटरनेट अशी चार कामं एकाच खोलीत चालायची. त्यांतलं इंटरनेट सगळ्यात आळशी. टेलिफोनच्या तारेतून ते कण्हत-कुथत यायचं आणि कुणाचा फोन आला की लगेच पळून जायचं.

सोमवार होता. शनिवारी चंद्रपूरला परिषद. मध्ये चार दिवस, आणि फरहतला अजून माहीत नव्हतं की त्या कॉलेजात नेमकं जायचं कुठे.

एरवी हे काही चिंता करण्याजोगं नव्हतं. माणूस परिषदेला जातो, गेटवर विचारतो, कुणीतरी हात करून दाखवतं. पण फरहतसोबत एक थाळी जाणार होती. थाळी म्हणजे जेवायची नव्हे. सागाच्या बुंध्याची आडवी कापलेली चकती, साडेतीन फूट रुंद, चार इंच जाड, साठ किलोला थोडी कमी. सत्त्याऐंशी साली वादळात पडलेलं ते झाड लिलावात फरहतच्या वडिलांनी, गुलाम रसूल मिस्त्रींनी घेतलं होतं. बाकी सगळ्या लाकडाचे पलंग झाले, दारं झाली. बुंध्याचा हा काप मात्र त्यांनी विकला नाही. त्यावर वलयं होती, एकशे त्र्याहत्तर. दरवर्षी एक. रात्रंदिवस रंधा मारणारा हा माणूस फावल्या वेळात त्या वलयांवरून बोट फिरवायचा आणि कोणत्या साली पाणी किती पडलं ते सांगायचा.

फरहत ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं एकदा गंमत म्हणून अब्बांचं म्हणणं जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. मग तिची गंमत संपली. पन्नास वर्षांत अब्बा चार ठिकाणी चुकले होते. बाकी सगळं बरोबर. तिनं निबंध लिहून चंद्रपूरच्या परिषदेला पाठवला आणि तो मंजूर झाला. व्याख्यान क्रमांक सत्तेचाळीस, वेळ बारा मिनिटं, वक्ते दोन : फरहत आणि गुलाम रसूल.

आता खरी गोम इथे होती. अब्बा चार माणसांत बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तरी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पुढच्या बुधवारी या’, एवढीच त्यांची भाषा. थाळीवर हात ठेवला की मात्र त्यांची जीभ सुटायची. थाळी नाही तर अब्बा नाहीत, हे फरहतला पुरतं ठाऊक होतं. अब्बांचं वय सदुसष्ट. गेल्या पावसाळ्यापासून छाती भरून यायची. पुढच्या परिषदेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

आणि सागाचं लाकूड या जिल्ह्यातून असं बगलेत मारून नेता येत नाही. त्याला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. त्यालाच सगळे टीपी म्हणतात. माल काय, माप काय, कोणत्या गाडीतून, कोणत्या रस्त्यानं, कधीपर्यंत आणि कुठे पोचणार, हे सगळं त्यावर लिहावं लागतं. वनपरिक्षेत्र कार्यालयातले लटारू बाबू या बाबतीत फार कडक होते. अब्बांची लिलावाची पावती त्यांनी पाहिली, थाळीच्या सालीवरची वनखात्याच्या हातोड्याची खूण पाहिली, मान डोलावली आणि पेन उचलून विचारलं, “ठिकाण?”

“चंद्रपूर.” फरहतनं कॉलेजचं नाव सांगितलं.

“त्या कालेजच्या तीन बिल्डिंगा आहेत, बाई. माहा भाचा शिकते तिथी. कोणत्या बिल्डिंगमंधी? कोणत्या खोलीत? उद्या फिरतं पथक आलं तपासाले, तं का साऱ्या कालेजात सागाची चकती हुडकत फिरन?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “नक्की लिहून आणा. शुक्रवारी साहेब दुपारनंतर दौऱ्यावर आहेत, त्याच्या आधी आणा.”

म्हणून तिनं पहिला ई-मेल पाठवला होता. त्याला उत्तर आलं ते असं : ‘स्थळ, महाविद्यालयाचा परिसर. तपशील नोंदणी कक्षात मिळेल.’ ते छापून नेलं तर लटारू बाबूंनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं तो कागद स्वतःच परत घेतला.

फोन करून पाहिला. तिकडच्या शिपायानं सांगितलं, “सर मिटिंगमधे आहेत. यंदा सगळं ई-मेलवरच करा म्हणतात, ई-मेल टाका.” हौसेला मोल नसतं. परिषदेचे सचिव डॉ. अजय यांनी यंदा पहिल्यांदाच कॉलेजला ई-मेल आणला होता आणि ते कुणाला दुसऱ्या वाटेनं येऊ देत नव्हते.

तर सोमवारी संध्याकाळी फरहत दुसरा मेल लिहायला बसली. यावेळी नीट, मुद्देसूद लिहायचं ठरवून आली होती. फक्त एक अडचण होती. अब्बांचा एक नियम होता, आणि तो त्या घरात नमाजाइतकाच पाळला जायचा. परवाना हातात पडेपर्यंत कागदावर सागाचं नाव घ्यायचं नाही. लाकडाच्या धंद्यातल्या सगळ्यांचाच तो नियम. एकदा कुणी कुठे ‘साग’ लिहिलं, की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की सरळ माणसाचंही वर्ष जातं. फरहत एम.एस्सी. झाली, तरी हा नियम तिच्या हाडात होता. निबंधातसुद्धा तिनं ‘एक जुना वृक्ष’ एवढंच लिहिलं होतं. तिनं त्यावर विचारसुद्धा केला नाही.

तिनं इंग्रजीत लिहिलं, त्याचा मराठीत अर्थ असा :

‘महोदय, व्याख्यान क्रमांक ४७ साठी आम्ही शनिवारी सकाळी गडचिरोली जिल्ह्यातून टेम्पोने एक जड गोल वस्तू आणणार आहोत. व्यास साडेतीन फूट, वजन सुमारे साठ किलो. ती उद्घाटनाआधी व्यासपीठाजवळ ठेवणे गरजेचे आहे. तरी नेमकी इमारत, नेमकी खोली आणि नेमके प्रवेशद्वार त्वरित कळवावे. गर्दीतून न जाता आत नेता येईल असे दार असल्यास उत्तम. वस्तूचे स्वरूप सध्या लिहिता येत नाही.’

खाली नाव, पत्ता : गुलाम रसूल फर्निचर वर्क्स, आलापल्ली.

तिनं दोनदा वाचलं. स्पेलिंग तपासलं. छान, नेमकं झालं असं वाटून तिनं बटण दाबलं आणि ओढणी सावरत बाहेर पडली.

मंगळवारी दिवसभर वीज नव्हती. फरहत मधल्या सुट्टीत एकदा आणि कॉलेज सुटल्यावर दोनदा सरफराजच्या दुकानाशी जाऊन आली. सरफराज बाहेर बाकावर बसून ऊन खात होता. “दीदी, लाईन आली का मीच आवाज देतो ना,” तो म्हणाला. पण तिचा पाय घरात ठरेना. घरी गेली की अब्बा थाळीला तेल चोळत बसलेले दिसायचे. त्यांनी कधी नव्हे तो नवा सदरा शिवायला टाकला होता. शिंप्याकडे जाऊन आले, कॉलर बदलून आणली. असं काही पाहिलं की फरहत पुन्हा चपला घालायची.

बुधवारी सकाळी उत्तर आलं. ते मेलमधून आलं नाही. ते मोटरसायकलवरून आलं, आणि मागे पोलिसांची जीप होती.

मोटरसायकलवर ठाण्यातले हवालदार देवाजी होते. अब्बांनी त्यांच्या पोरीच्या लग्नातला पलंग केला होता. जीपमधले दोघे मात्र अनोळखी, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले. ते जीपमधून उतरले आणि दारापासून बरेच लांब उभे राहिले. देवाजींना त्यांनी पुढे केलं. आपला माणूस आहे, गेला तर आपलाच जाईल, असा काहीतरी हिशेब असावा.

“मिस्त्री,” देवाजींनी घसा खाकरला, “ते... गोल वस्तू कुठी आहे?”

अब्बा रंधा हातात घेऊन उभे राहिले. “कोणती गोल वस्तू?”

“साठ किलोची. जे टेम्पोत घालून चंद्रपूरले नेऊन राह्यले, स्टेजच्या बाजूले ठेवाले. उद्घाटनाले मोठे साहेब येऊन राह्यले ना. तिकडच्या सरनं चिठ्ठी फोडून कळवलं ठाण्यावर.”

फरहत आतून धावत आली. तिला क्षणात सगळं कळलं. जिल्हा गडचिरोली. गोल वस्तू. गर्दीतून न जाता. स्वरूप लिहिता येत नाही. आपण काय लिहिलं होतं! हे तिच्या वर्गातल्या अकरावीच्या पोरांनाही समजलं असतं.

“देवाजीभाऊ, ते लाकूड आहे,” ती म्हणाली. “सागाची थाळी. या, पाहा.”

देवाजी आत गेले. थाळी भिंतीला टेकून उभी होती, तेलानं चकाकत. त्यांनी तिला काठीनं हळूच टोचलं. मग बोटानं वाजवलं. मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

“अहो हे तं लाकूड आहे!” ते बाहेर तोंड करून ओरडले. जीपवाले दोन पावलं पुढे आले. देवाजींनी वही काढून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले, “वस्तू लाकडी. एकच. वास सागाचा. आवाज भरीव. आत काही नाई.” मग वही मिटून ते फरहतकडे वळले आणि रागानं नव्हे, अगदी कळवळून म्हणाले, “बाई, तुमी मास्तरीण आहा. ‘लाकूड’ हा एक शब्द लिवाले का जात होतं तुमचं? रातभर झोपू नाई देलं यायनं आमाले.”

जीपवाल्यांनी लिलावाची पावती पाहिली, दोन सह्या घेतल्या, चहा नको म्हणाले आणि गेले. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपशब्द बोललं नाही. पण रस्त्याच्या पलीकडे तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि जीप गेल्यावरही ती हलत नव्हती.

अब्बांनी रंधा जागेवर ठेवला. थाळीवर पोतं टाकलं. मग शांतपणे म्हणाले, “मी नाई येत चंद्रपूरले.”

“अब्बा, चूक माझी आहे. त्यात तुमचा काय...”

“चाळीस वर्षं झाली या दुकानाले. फॉरेस्टवाले आले, तं टीपी पाहून गेले. पोलिसाची गाडी कधी उभी नाई राह्यली इथी.” ते बसले. “आपलं नाव, हा जिल्हा, अन् गोल वस्तू. तिन्ही एकाच कागदावर लिवलं तू. तुले काऊन नाई समजलं, बेटा?”

तुमचाच नियम पाळला, असं म्हणता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच शहाणपणानं मारायचं तिच्या जिवावर आलं. ती आत गेली आणि न्हाणीघरात तोंडावर पाणी मारत रडली. राग कुणाचा करावा तेही कळेना. त्या अजय सरांचा करावा, तर त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? आपणही ठाण्यालाच कळवलं असतं. पण नाव गुलाम रसूलच्या ऐवजी दुसरं असतं, तर आधी एक उलटा मेल तरी पाठवला असता का? तेही तिला राहून राहून वाटत होतं.

दुपारी तिनं अर्धी रजा टाकली आणि सरफराजच्या दुकानात जाऊन बसली. वीज होती. मागे नंबर लावलेल्यांना सरफराजनं स्वतःहून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. गावात बातमी पसरायला इंटरनेट लागत नाही.

तिसरा मेल तिनं एका दमात लिहिला. घरातला नियम मोडला, तोही पहिल्याच ओळीत :

‘महोदय, वस्तू सागाच्या लाकडाची आहे. ती एका झाडाच्या बुंध्याची चकती असून तिच्यावर एकशे त्र्याहत्तर वलये आहेत. ती माझे वडील वाचतात. ते सुतार आहेत. व्याख्यान खरे तर त्यांचे आहे, माझे नाव केवळ सोबतीला. चकतीवर हात ठेवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. चकती जिल्ह्याबाहेर नेण्यासाठी परवान्यावर पोचण्याचे नेमके ठिकाण लिहावे लागते आणि तो शुक्रवारी दुपारच्या आत मिळवायचा आहे, म्हणून मी विचारत होते. हे आधीच लिहायला हवे होते. आज सकाळी माझ्या वडिलांच्या दारात पोलिसांची गाडी आली. ते आता यायला नाही म्हणतात. तरीही मी पुन्हा विचारते : एक, इमारत कोणती. दोन, खोली कोणती आणि कोणत्या मजल्यावर. तीन, प्रवेशद्वार कोणते, आणि टेम्पो तिथपर्यंत येतो का.’

बटण दाबलं. मग ती दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली. पाच मिनिटांनी एकदा तारेला जोडायची, रिकामी पेटी पाहायची, तोडायची.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर होती. काही नाही. कॉलेजात तिनं एकाच वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला आणि पोरांनी तो मुकाट्यानं ऐकून घेतला. दुपारी काही नाही. चार वाजता वीज गेली. साडेपाचला आली, आणि सरफराज स्वतः सायकल मारत कॉलेजच्या फाटकाशी आला. “दीदी, आला.”

डॉ. अजय यांनी लांबलचक लिहिलं होतं. आधी माफी. घाईनं निर्णय घेतला, तुमचा निबंधही उघडून पाहिला नाही, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, वडिलांना माझ्या वतीनं सांगावं. मग उत्तर. आणि ते नेमकं होतं, हे मान्य करायला हवं. माणूस जिथे चुकतो, तिथे तो पुढच्या वेळी टेप घेऊन मोजतो.

‘इमारत : नवी विज्ञान इमारत, रस्त्यापासून तिसरी, पिवळा रंग. खोली : तळमजला, सभागृह क्रमांक ३. प्रवेश : वक्ते व निमंत्रितांसाठी पुढील पोर्च, नोंदणी कक्षातून बिल्ला घेऊनच. सामान व कामगारांसाठी मागचे दार, जनरेटरच्या खोलीशेजारी. पायऱ्या नाहीत. टेम्पो दारापर्यंत येतो. मी स्वतः पाहून आलो. सकाळी साडेनऊपर्यंत यावे.’

फरहतनं तो कागद छापून घेतला आणि जवळजवळ धावत घरी गेली. अर्ध्या वाटेत तिचा पाय मंदावला. वक्त्यांसाठी पुढचं दार, सामानासाठी मागचं. मग अब्बा कोण? तिनं तर एकच दार विचारलं होतं.

तिनं अब्बांना सगळा कागद मराठीत वाचून दाखवला. माफीचा भाग दोनदा वाचला. अब्बा ऐकत होते. माफी ऐकताना ते पोत्याकडेच पाहत होते. पण दाराची हकीकत आली तसे त्यांचे डोळे जरा हलले.

“पायरी नाई म्हणते?”

“नाही.”

“स्वतः जाऊन पाहून आला म्हणते?”

“असं लिहिलंय.”

अब्बा उठले आणि थाळीवरचं पोतं त्यांनी काढलं. “ज्यानं पायऱ्या मोजल्या तो माणूस वाईट नाई,” ते म्हणाले. “जाऊ. मी मागच्या दारानं मालासोबत येतो. तू जा पुढून.”

“अब्बा, तुम्ही माल नाही. तुमचं नाव छापलंय त्यात. तुम्ही माझ्यासोबत पुढून यायचं.”

“साहेबाच्या बंगल्यावर पलंग घेऊन गेलो, तवा कोणत्या दारानं गेलो? मागच्याच. थाळी एकटी सोडून मी नाई जात.” आणि एवढं बोलून त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली. या आवाजानंतर काही बोलून उपयोग नसतो, हे फरहत तेहतीस वर्षं पाहत आली होती.

शुक्रवारी सकाळी लटारू बाबूंनी कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. “असं लिवा लागते,” ते म्हणाले. इमारत, मजला, सभागृह क्रमांक, मागचं दार, सगळं त्यांनी परवान्यावर सुवाच्य उतरवलं. दुपारी साहेब जीपमध्ये बसता बसता सही झाली.

शनिवारी उजाडायच्या आत टेम्पो निघाला. अब्बा नव्या सदऱ्यात मागे थाळीपाशी बसले, पुढे बसायला ऐकेनात. थंडी मरणाची होती. आष्टीचा पूल गेला, गोंडपिपरी गेलं. नाक्यावर परवाना दाखवला, तिथल्या माणसानं थाळीकडे पाहिलं, परवान्याकडे पाहिलं, पुन्हा थाळीकडे पाहिलं आणि बांबू वर केला. फरहत दर दोन मैलांवर घड्याळ बघत होती. अब्बांना खोकला यायचा तेव्हा तो पुढच्या काचेपर्यंत ऐकू यायचा.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ते कॉलेजात शिरले. पिवळी इमारत सापडली. पोर्चसमोर सतरंज्या, रांगोळी, फुगे. फरहत तिथे उतरली. “बिल्ले घेते आणि लगेच आतून मागच्या दाराशी येते,” ती अब्बांना म्हणाली. “मी आल्याशिवाय काही बोलू नका. नुसतं उभं राहा.” अब्बांनी मान डोलावली आणि टेम्पो इमारतीला वळसा घालून दिसेनासा झाला.

नोंदणीच्या टेबलापाशी चाळीस माणसं होती. तिचा नंबर यायलाच पाव तास गेला. तिचा बिल्ला लगेच सापडला. अब्बांचा सापडेना. जी मध्ये पाहिलं, आर मध्ये पाहिलं. टेबलावरची मुलगी गोड होती, पण सावकाश. “मॅडम, ते नक्की वक्ते आहेत ना?” तिनं विचारलं. फरहतच्या डोक्यात तिडीक गेली. “आहेत,” ती म्हणाली, “माझ्यापेक्षा जास्त आहेत.” शेवटी बिल्ला एम मध्ये निघाला, ‘मिस्त्री’ म्हणून. तेवढ्यात आतल्या कर्ण्यातून आवाज आला. प्रमुख पाहुण्यांना वेळ लागणार असल्यानं उद्घाटनाआधीच, सभागृह क्रमांक तीनमध्ये एका व्याख्यानानं आपण सुरुवात करत आहोत.

क्रमांक सांगितला गेला तो तिनं ऐकलाही नाही. दोन्ही बिल्ले मुठीत धरून ती पळत सुटली. माणसांना धक्के देत, माफ करा म्हणायलाही न थांबता. अब्बा एकटे. समोर दोनशे अनोळखी माणसं, माईक, आणि आपण तिथे नाही. ते ‘हो’, ‘नाही’ म्हणतील आणि गप्प उभे राहतील. लोक हसतील. मग ते हात जोडून मागच्या दारानं निघून जातील, आणि पुन्हा कधी बोट फिरवणार नाहीत त्या वलयांवरून. हे सगळं माझ्यामुळे, माझ्या नेमकेपणामुळे.

सभागृहाचं दार तिनं ढकललं. ते खुर्च्यांच्या पार मागच्या बाजूला उघडलं.

आणि समोर, दूर, व्यासपीठावर अब्बा होते. त्या जनरेटरशेजारच्या दाराची एक गोष्ट अजय सरांनी लिहिली नव्हती. ते थेट व्यासपीठावरच उघडत होतं. अब्बा मालासोबत आत आले ते सगळ्यांच्या समोरच उभे राहिले होते. थाळी टेबलावर उभी होती, आणि चष्मेवाला, कोट घातलेला एक माणूस ती दोन्ही हातांनी आणि छातीनं धरून होता. घाम आला होता त्याला. हेच ते डॉ. अजय असणार. माईक कुणीतरी अब्बांच्या तोंडाशी धरला होता, पण अब्बांना त्याची गरज वाटत नव्हती. उजव्या हाताचं बोट थाळीवर होतं आणि ते बोलत होते.

“...हे जाड जाड दिसून राह्यले ना, हे चांगल्या पाण्याचे साल. झाड जेवलं पोटभर. आता बाहेरच्या सालीकडून पंधरा मोजा. हे पाहा. दिसत बी नाई नीट, इतकं बारीक. हे बहात्तर साल. पाणीच नाई पडलं. या साली झाडानं काही केलं नाई. फक्त जीव धरून ठेवला.”

अब्बांनी बोट तिथेच ठेवलं. पुढचं बोलायचं की नाही असा विचार करत असावेत.

“त्याच साली माह्या घरी मुलगी झाली. हातावर मावत होती, एवढीशी. दायीनं सांगितलं, मिस्त्री, हे नाई जगत. मी खूप घाबरलो साहेब. रातंदिवस बसून राहू तिच्यापाशी.” बोट जरासं पुढे सरकलं. “अन् हे पाहा, पुढचं साल. केवढं जाड आहे. तवा हे झाड उभं होतं जंगलात, मी याले पाह्यलं नव्हतं. पाह्यलं असतं, तं इतका घाबरलो नसतो.”

तेहतीस वर्षांत हे फरहतला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे धावत जावं, त्यांच्या शेजारी उभं राहावं असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तिथे तिची गरज नाही. ती शेवटच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही बिल्ले तिनं मांडीवर ठेवले. अब्बांचं बोट आता त्र्याहत्तरवरून चौऱ्याहत्तरवर गेलं होतं. या चालीनं बारा मिनिटं पुरणार नव्हती. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम अजय सरांचं होतं, आणि त्यांचे दोन्ही हात थाळीत गुंतलेले होते.